तीन थंबनेलांतून एक निवडताना: हरिश्चंद्रगडाच्या व्हिडिओचं उदाहरण

प्रश्न: "माझं ट्रेकिंगचं छोटं मराठी चॅनेल आहे. हरिश्चंद्रगड पाचनई मार्गे असा १४ मिनिटांचा व्हिडिओ तयार आहे. तीन थंबनेल केलीत: एकात मी कोकणकड्यावर बसलोय, दुसऱ्यात कड्यावरून खाली ढगांत दिसणारं गोल इंद्रधनुष्य, म्हणजे इंद्रवज्र, तिसऱ्यात केदारेश्वराची गुहा. इंद्रवज्र आम्हाला या वेळी दिसलं नाही, फोटो मित्राचा जुना आहे, पण व्हिडिओत मी तो दाखवून तसं सांगितलंय. मग ते क्लिकबेट होतं का? आणि सर्वांत जास्त क्लिक कोणतं आणेल हे कसं ठरवायचं?"

इंद्रवज्राचं थंबनेल सर्वांत जास्त क्लिक आणेल असा माझाही अंदाज आहे, आणि तरीही ते मी चाचणीत उतरवणार नाही. मी प्रवास, शेती आणि स्वयंपाकाच्या मराठी चॅनेलांसाठी एडिटिंग आणि थंबनेलचं काम करतो. त्यात माझा क्रम ठरलेला आहे: आधी कोणती थंबनेल स्पर्धेत येण्याच्या लायकीची आहेत ते ठरवायचं, आणि मग फक्त तेवढ्यांतच क्लिकची तुलना करायची. हा क्रम उलटा केला, म्हणजे सगळी थंबनेल लावून बघू आणि जिंकेल त्याचा खरेपणा नंतर तपासू असं म्हटलं, की जिंकलेलं थंबनेल काढून टाकायचा धीर सहसा कुणाला होत नाही. आकडा डोळ्यांसमोर आला की मन त्याच्या बाजूने कारणं शोधू लागतं.

लायकी ठरवायची कशी, ते आधी सांगतो. व्हिडिओ न पाहिलेल्या दोन-तीन माणसांना बोलवा, घरातली चालतील. फोनवर थंबनेल आणि खाली शीर्षक, जसं यूट्यूबवर दिसेल तसं, दोनेक सेकंद दाखवा आणि फोन काढून घ्या. मग एकच प्रश्न विचारा: "या व्हिडिओत काय बघायला मिळेल?" "कसं वाटलं?", "आवडलं का?" असलं काही विचारू नका, त्यावर लोक तुम्हाला बरं वाटेल ते बोलतात. ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. आता व्हिडिओची टाइमलाइन उघडा आणि त्या वाक्यातली गोष्ट कितव्या मिनिटाला येते, किती वेळ दिसते आणि याच ट्रेकची आहे का, ते समोर लिहा.

तुमच्या तीन चित्रांवर हे करून बघा. इंद्रवज्राचा फोटो पाहून माणूस म्हणेल, "हे लोक गेले आणि यांना इंद्रवज्र दिसलं." व्हिडिओत ते दिसलेलं नाही, दुसऱ्या कुणाला पूर्वी दिसलेल्याचा फोटो आहे. तुम्ही आत प्रामाणिकपणे सांगितलंय, हे मला मान्य आहे. पण ते सांगणं ऐकायला मिळतं फक्त क्लिक करणाऱ्याला, आणि तेही त्या मिनिटापर्यंत टिकलेल्याला. ज्या थंबनेलला १०० वेळा दाखवल्यावर ५ क्लिक मिळतात ते बरं चाललंय असं आपण मानतो. म्हणजे उरलेल्या ९५ वेळा बघणाऱ्याला तुमच्याकडून मिळालेली सगळी माहिती म्हणजे ते चित्र. त्या ९५ जणांपर्यंत तुमचा खुलासा कधीच पोचत नाही. म्हणून मी थंबनेलचा खरेपणा ठरवताना व्हिडिओत काय म्हटलंय यावर न जाता, क्लिक न करता पुढे जाणाऱ्याच्या डोक्यात काय उरलं यावर जातो.

ट्रेकिंगमध्ये याचा परिणाम माणसांच्या पायांवर होतो. कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला आहे. इंद्रवज्र दिसायला सूर्य पाठीमागे आणि खाली दरीत ढग किंवा धुकं भरलेलं लागतं, म्हणजे ते दिसलं तर सकाळी दिसणार आणि पावसाळ्यात किंवा त्याच्या आगेमागे दिसण्याचा संभव जास्त. मे महिन्यात दुपारी कड्यावर पोचलेल्या माणसाला ते दिसणार नाही. हे सगळं समजावून सांगणारा व्हिडिओ असेल तर त्यावर इंद्रवज्राचं चित्र शोभतं. पाचनईची वाट दाखवणाऱ्या व्हिडिओवर ते लावलं, की "पाचनईने गेलं की हे दिसतं" असा निरोप जातो.

आता कोकणकड्याचा फोटो. माणूस म्हणेल, "गडावर जाऊन कडा दाखवतील." ते व्हिडिओत आहे, पण टाइमलाइनवर कुठे आहे ते बघा. पाचनईच्या व्हिडिओत कडा साहजिकच शेवटाकडे येणार, बहुधा दहाव्या मिनिटाच्या पुढे. थंबनेल खोटं नाही, पण क्लिक केलेल्या माणसाला पहिली काही मिनिटं गाव, पार्किंग आणि जंगलातली वाट बघत थांबावं लागतं, आणि तो थांबत नाही. इथे चित्र बदलण्याऐवजी व्हिडिओ बदला. सुरुवातीच्या १५ सेकंदांत कड्याचे दोन शॉट ठेवा आणि त्यांवरच बोला: "इथपर्यंत पाचनईहून कसं यायचं, किती वेळ लागतो, कुठे राहायचं, ते आज बघू." चित्राने दिलेला शब्द लगेच पाळला जातो आणि व्हिडिओ खरा कशाबद्दल आहे तेही कळतं. थंबनेल खरं करण्याचा हा मार्ग लोक फार कमी वापरतात, कारण थंबनेल करायला घेईपर्यंत एडिट पक्का झालेला असतो. थंबनेल ठरल्याशिवाय मी पहिलं अर्धं मिनिट पक्कं करत नाही.

त्या फोटोबद्दल आणखी एक. कड्याच्या काठावर पाय सोडून बसलेला माणूस क्लिक आणतो हे खरं, पण कोकणकडा पुढे झुकलेला आहे, काठावर उभं राहून त्याची खोली कळतही नाही. तुमचा फोटो तसा असेल तर काठापासून मागे बसलेला किंवा आडवं झोपून खाली बघतानाचा फोटो निवडा. तोही तितकाच उठून दिसतो आणि बघणाऱ्यांपैकी कुणी त्याची नक्कल केली तरी धोका कमी.

केदारेश्वराची गुहा या कसोटीला सहज उतरते. पाण्यातलं मोठं शिवलिंग आणि चार खांबांपैकी शाबूत राहिलेला एकच खांब, हे पाहिलेला माणूस म्हणेल, "हरिश्चंद्रगडावरची ती गुहा." ती व्हिडिओत आहे आणि तुम्ही स्वतः तिथे उभे आहात. अडचण एवढीच की गुहेच्या चित्रात वाटेबद्दल काहीच नाही. तुमच्या तिन्ही चित्रांचं हेच झालंय: व्हिडिओचा बराचसा भाग वाटेचा असणार आणि तिन्ही थंबनेल वर पोचल्यानंतरची आहेत. म्हणून इंद्रवज्राच्या जागी चौथं करा. पाचनईच्या वाटेवरचा, कातळाच्या कडेने जाणारा एखादा टप्पा, त्यात चालणारी दोन माणसं, आणि शब्द तीनच: "पाचनईची सोपी वाट". पाचनईची वाट गडावर जाणाऱ्या वाटांत सोपी मानली जाते, तेव्हा हे म्हणायला हरकत नाही. हाच फोटो फार तिरका कापून त्यावर "थरारक" लिहिलं तर ते पुन्हा खोटं होईल. बेलपाड्याहून येणाऱ्या नळीच्या वाटेला तो शब्द शोभतो, पाचनईला नाही.

रंगांचंही बघून घ्या. ट्रेक जानेवारीत झाला असेल आणि फोटोतलं गवत हिरवंगार करून ठेवलं असेल, तर चित्र दुसऱ्याच ऋतूचं झालं. आकाश थोडं गडद करणं, चेहऱ्यावरची सावली उचलणं इथपर्यंत मी जातो. ऋतू, हवामान आणि उतार बदलत नाही, कारण ट्रेकला निघणारा माणूस नेमकं तेवढंच चित्रावरून ठरवतो.

आता लायकीची तीन उरली: कडा, गुहा, वाट. यांची तुलना करण्याआधी प्रत्येक चित्र खऱ्या आकारात बघा. आपण थंबनेल करतो १२८० बाय ७२० पिक्सेलमध्ये, मोठ्या पडद्यावर, आणि बहुतेक लोक ते फोनवर बघतात. सुचवलेल्या व्हिडिओंच्या यादीत तर ते अंगठ्याच्या दोन पेरांएवढं होतं. फोनवर "हरिश्चंद्रगड" असं शोधा, आलेल्या निकालांचा स्क्रीनशॉट घ्या आणि त्यातल्या एका चौकटीवर तुमचं चित्र चिकटवून बघा. बऱ्याच चौकटींत कडा आणि त्यावर हात पसरलेला माणूस सापडेल. तुमचं कड्याचं चित्र त्या गर्दीत वेगळं दिसत नसेल तर ते कितीही चांगलं असलं तरी शोधात हरणार. उलट होमपेजवर, जिथे शेजारी क्रिकेट आणि मालिका असतात, तिथे तेच चित्र उठून दिसेल.

देवनागरी अक्षरांचा त्रास इथेच कळतो. इंग्रजी मोठ्या अक्षरांत वर-खाली काही नसतं, आपल्याकडे वर वेलांट्या आणि रफार, खाली उकार. दोन ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत किंवा रफारात घुसतो आणि लहान आकारात दोन्ही वाचता येत नाहीत. "गुहेतून कड्यापर्यंत" असलं काही दोन ओळींत लिहून फोनवर बघा, म्हणजे लक्षात येईल. शक्यतो एकच ओळ ठेवा, तीन-चार शब्द, जाड वजनाचा मुक्ता किंवा बलू फॉन्ट, आणि अक्षरांमागे फोटोचा शांत भाग. उजव्या खालच्या कोपऱ्यात व्हिडिओची लांबी दाखवणारी पट्टी येते, तिथे एकही अक्षर नको. शीर्षकात "हरिश्चंद्रगड" आहेच, ते थंबनेलवर पुन्हा लिहिण्यात जागा घालवू नका.

मग चाचणी. बहुतेक जण काय करतात, तर दोन दिवस एक थंबनेल, पुढचे दोन दिवस दुसरं, आणि क्लिकचं प्रमाण ज्याचं जास्त ते ठेवतात. यात मोठी गफलत आहे. व्हिडिओ टाकल्यावर सुरुवातीला तो मुख्यतः तुमच्या सबस्क्रायबरांना दाखवला जातो. ते तुम्हाला ओळखतात, क्लिक करतात, प्रमाण समजा ११ टक्के येतं. मग यूट्यूब तो अनोळखी लोकांच्या होमपेजवर नेतं आणि प्रमाण ४ टक्क्यांवर येतं. या घसरणीत थंबनेलचा दोष काहीच नसू शकतो, बघणारे बदललेत. पण तुम्ही नेमकं तेव्हा दुसरं थंबनेल लावलं असेल तर त्याच्या वाट्याला अनोळखी प्रेक्षक आले आणि ते हरलं असं दिसेल. यूट्यूबच म्हणतं की निम्म्या चॅनेलांचं आणि व्हिडिओंचं हे प्रमाण २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतं. एवढी रुंद पट्टी आहे, कारण कुठे आणि कुणाला दाखवलं यावर ते फार अवलंबून असतं.

म्हणून तुलना एकाच वेळी व्हायला हवी: त्याच दिवसांत काही लोकांना एक चित्र, काहींना दुसरं. यूट्यूब स्टुडिओत यासाठी "टेस्ट अँड कंपेअर" नावाने आलेली सोय आहे, २०२४ पासून ती बहुतेक चॅनेलांना मिळते. स्टुडिओ संगणकावर उघडा, चॅनेलला प्रगत सुविधा चालू केलेल्या असू द्या, आणि एका व्हिडिओला तीनपर्यंत थंबनेल द्या. यूट्यूब ती प्रेक्षकांत वाटून दाखवतं आणि जास्तीत जास्त दोन आठवड्यांत निकाल देतं. मधल्या काळात शीर्षक किंवा थंबनेल हाताने बदलू नका.

ही चाचणी क्लिक मोजून विजेता ठरवत नाही, हे मात्र आधीच माहीत असू द्या. निकालात प्रत्येक थंबनेलने एकूण पाहण्याच्या वेळेतला किती वाटा मिळवला ते येतं. तुम्ही विचारलंय "सर्वांत जास्त क्लिक", आणि उत्तर मिळणार "सर्वांत जास्त वेळ". माझ्या मते हे चांगलंच आहे. का, ते आकड्यांनी दाखवतो. आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या चॅनेलचे वेगळे येतील.

समजा प्रत्येक थंबनेल १००० वेळा दाखवलं गेलं, आणि तुलनेपुरतं इंद्रवज्रही त्यात धरू. कड्याला ६२ क्लिक आणि प्रत्येकाने सरासरी ३ मिनिटं ५० सेकंद पाहिलं, म्हणजे एकूण सुमारे २३८ मिनिटं. इंद्रवज्राला ८१ क्लिक, पण सरासरी २ मिनिटं १० सेकंद, एकूण सुमारे १७५ मिनिटं. गुहेला ५५ क्लिक, सरासरी ४ मिनिटं ४० सेकंद, एकूण सुमारे २५७ मिनिटं. क्लिकच्या हिशोबात इंद्रवज्र पहिलं आणि गुहा शेवटची. वेळेच्या हिशोबात गुहा पहिली, ३८ टक्के वाट्याने, आणि इंद्रवज्र २६ टक्क्यांवर शेवटचं. गुहेवर क्लिक करणारा माणूस बहुधा गडावर जायचंच ठरवून आलेला असतो, म्हणून तो पुढेही बघत राहतो.

यावरून "मग वेळेचा हिशोबच खोटं थंबनेल पकडतो, आधी कसोटी कशाला" असा निष्कर्ष काढू नका. तो नेहमी पकडत नाही. इंद्रवज्र बघायला आलेला माणूस "आता येईल, आता येईल" करत अकराव्या मिनिटापर्यंत थांबला तर त्याची ११ मिनिटं थंबनेलच्या खात्यात जमा होतात. फसवलेल्या माणसाची वाट बघणंही वेळच असते, आणि चाचणीला त्यातला फरक कळत नाही. म्हणूनच खरेपणाची कसोटी माणसांनी आधी घ्यायची आणि क्लिकची चाचणी आकड्यांवर नंतर सोडायची.

थंबनेलने भलतीच अपेक्षा लावली का, हे नंतर ओळखायचं असेल तर प्रेक्षक टिकण्याचा आलेख उघडा. स्टुडिओत पहिल्या ३० सेकंदांनंतर किती टक्के लोक उरले ते दिसतं. थोडी घसरण प्रत्येक व्हिडिओत असते, तेव्हा तुमच्याच इतर ट्रेकच्या व्हिडिओंशी तुलना करा. इतर ठिकाणी ३० सेकंदांना ६५ टक्के उरत असतील आणि इथे ४५, तर आलेले लोक दुसरंच काही शोधत होते. दुसरी खूण म्हणजे आलेखात मध्येच उठलेला उंचवटा. लोक पुढे ढकलत थेट एका क्षणावर येतात, तो पाहतात आणि निघून जातात. तो क्षण थंबनेलमधलाच असेल तर बाकीचा व्हिडिओ त्यांना नको होता. आणि कॉमेंटमध्ये "इंद्रवज्र कितव्या मिनिटाला आहे?" असं दोन-तीन जणांनी विचारलं की आणखी पुरावा लागत नाही.

छोट्या चॅनेलची खरी अडचण निकाल न लागण्याची असते. दोन आठवडे झाले तरी चाचणी "फरक सांगता येत नाही" अशा अर्थाचं काही दाखवते आणि माणूस वैतागतो. इथे एक साधा हिशोब माहीत असू द्या. दोन थंबनेल सारख्याच वेळा दाखवली गेली असतील, तर दोघांच्या क्लिकची बेरीज करा, तिचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. दोघांच्या क्लिकमधला फरक त्याहून मोठा असेल तरच त्याकडे लक्ष द्या. उदाहरणार्थ, दोन्ही थंबनेल ४००० वेळा दाखवली गेली, एकाला २२० क्लिक आले आणि दुसऱ्याला १९६. ऐकायला ५.५ टक्के विरुद्ध ४.९ टक्के, पहिलं जिंकलं असं वाटतं. बेरीज ४१६, वर्गमूळ साधारण २०, दुप्पट ४०. फरक २४ चा. म्हणजे हा फरक निव्वळ योगायोगानेही सहज येऊ शकतो. हेच प्रमाण ४०,००० वेळा दाखवल्यावर टिकलं, म्हणजे २२०० विरुद्ध १९६०, तर फरक २४० आणि मर्यादा साधारण १२९. आता पहिलं खरंच पुढे आहे असं म्हणायला हरकत नाही.

याचा अर्थ, ५ टक्के आणि ६ टक्के यांतला फरक बऱ्यापैकी खात्रीने ओळखायला प्रत्येक थंबनेल साधारण ८००० वेळा दिसायला लागतं. ५ आणि साडेपाच ओळखायला ३०,००० च्या पुढे जावं लागतं. पाहण्याचा वेळ तर क्लिकपेक्षाही जास्त वर-खाली होतो, म्हणून त्याला आणखी लागतं. यूट्यूब एखादं थंबनेल "दाखवलं" असं तेव्हाच मोजतं, जेव्हा त्याचा निदान अर्धा भाग एका सेकंदापेक्षा जास्त वेळ पडद्यावर असतो, आणि तेही यूट्यूबच्या आतच. व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाठवलेल्या लिंकवरून आलेले लोक यात येत नाहीत. तुमच्या आधीच्या व्हिडिओंना पहिल्या दोन आठवड्यांत किती इम्प्रेशन मिळाली ते अॅनालिटिक्समध्ये बघा. एका व्हिडिओला सगळी मिळून १०,००० च्या आतच येत असतील तर तीन थंबनेल लावू नका, दोनच लावा, आणि तीही एकमेकांपासून खूप वेगळी. अक्षरांचा पिवळा की पांढरा रंग असल्या बारीक फरकाची चाचणी छोट्या चॅनेलने करूच नये, उत्तर मिळणार नाही. गुहा की वाट, माणूस आहे की नाही, अक्षरं आहेत की नाहीत, असे मोठे फरक घ्या.

तरीही निकाल लागला नाही, तर एकच प्रश्न पुढच्या चार-पाच व्हिडिओंवर विचारत राहा. प्रत्येक गडाला एक चित्र वाटेचं आणि एक वास्तूचं लावा. प्रत्येक वेळी फरक छोटा आला तरी पाचपैकी पाचही वेळा वाटच पुढे राहिली, तर तुमच्या प्रेक्षकांबद्दल काहीतरी खरं कळलं. पहिल्या दिवशी कोण पुढे आहे ते बघून चाचणी थांबवणं मात्र टाळा. सुरुवातीला कुणीतरी पुढे असणारच, आणि तेव्हाचे आकडे सर्वांत डळमळीत असतात.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे. तुमच्या चॅनेलला बहुतेक प्रेक्षक शोधातून येत असतील, तर वाटेचं थंबनेल चालेल असं मला वाटतं, कारण "पाचनई" असं टाइप करणाऱ्याला कडा कसा दिसतो ते माहीत असतं, त्याला वाट हवी असते. होमपेजवरून येत असतील तर कडा. अॅनालिटिक्समध्ये प्रेक्षक कुठून आले त्याची विभागणी असते, क्लिकचं प्रमाण तिथे स्रोतानुसार वेगवेगळं दिसतं. एकत्रित आकड्यावरून काही ठरवू नका. गडांच्या व्हिडिओंचं आणखी एक म्हणजे ऋतू. पावसाच्या तोंडावर शोध वाढतो आणि दिवाळीनंतर पुन्हा, आणि त्या वेळचा प्रेक्षक जायची तयारी करणारा असतो. जूनमध्ये वाटेचं चित्र ठेवून बाकीच्या काळात कड्याचं ठेवलं तरी दोन्ही खरीच आहेत.

नियमांचं विचाराल तर, व्हिडिओत नसलेल्या गोष्टीचा भास देणारी थंबनेल यूट्यूबच्या धोरणात आधीपासून बसत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये भारतासाठी त्यांनी अशा शीर्षकांवर आणि थंबनेलवर कारवाई वाढवत असल्याचं जाहीर केलं, रोख मुख्यतः ताज्या बातम्या आणि चालू घडामोडींवर होता. ट्रेकच्या व्हिडिओवर जुन्या इंद्रवज्रासाठी कुणी कारवाई करेल असं मी म्हणत नाही. मी तुम्हाला ते टाळायला सांगतोय ते पुढच्या व्हिडिओसाठी. ज्याला एकदा इंद्रवज्र दिसलं नाही, तो पुढच्या वेळी तुमचं खरं चित्रही तितक्याच संशयाने बघेल, आणि ट्रेकिंगच्या चॅनेलवर लोक वाट, पाणी आणि अंधार कधी पडतो हे विश्वासाने ऐकायला येतात.

तेव्हा या व्हिडिओसाठी: सुरुवातीचे १५ सेकंद कड्याचे करा, वाटेचा एक फोटो फुटेजमधून काढा किंवा चांगली फ्रेम नसेल तर पुढच्या ट्रेकला मुद्दाम थंबनेलसाठी दोन फोटो काढायची सवय लावा. इम्प्रेशन पुरेशी येत असतील तर वाट, कडा आणि गुहा तिन्ही लावा, कमी असतील तर वाट आणि कडा. दोन आठवडे हात लावू नका, मग ३० सेकंदांचा आकडा आणि कॉमेंट बघा. निकाल लागला नाही तर वाटेचं ठेवा, कारण व्हिडिओत सर्वांत जास्त तेच आहे.

मित्राच्या फोटोचाही उपयोग आहे. त्याची परवानगी घ्या आणि इंद्रवज्रावरच तीन-चार मिनिटांचा वेगळा व्हिडिओ करा: ते कसं तयार होतं, सूर्य कुठे लागतो, दरीत ढग केव्हा असतात, सकाळी किती वाजता कड्यावर असायला हवं, आणि त्याला ते कोणत्या महिन्यात, किती वेळ दिसलं. आवाज त्याचाच घ्या, त्याने स्वतः पाहिलंय. त्या व्हिडिओवर हेच थंबनेल जसंच्या तसं लावा, फक्त कोपऱ्यात फोटोचा महिना आणि वर्ष लिहा.